अनोळखी हॉटेलला पहिला मेल: उत्तर यावं असा

प्रश्न: आमची डिचोलीला लाँड्री आहे. गेल्या वर्षी मोठी मशीन घेतली. मोरजी ते कांदोळी पट्ट्यातल्या बऱ्याच हॉटेलांना ईमेल पाठवले, दरपत्रकही जोडलं, पण उत्तरच येत नाही. पुन्हा पुन्हा पाठवलं तर मागे लागल्यासारखं वाटेल. अनोळखी हॉटेलला असा मेल कसा लिहावा, की तो साच्यातला वाटणार नाही आणि समोरचा निदान उत्तर तरी देईल?

उत्तर:

उत्तर येणार की नाही, हे बरंचसं मेल लिहायला बसण्याआधीच ठरतं. मी बरीच वर्षं उत्तर गोव्यातल्या हॉटेलांत खरेदी विभाग सांभाळला. आता लहान पुरवठादारांना हॉटेलांची कामं मिळावीत म्हणून मदत करतो. त्यामुळे असे मेल मी दोन्ही बाजूंनी वाचलेले आहेत.

सीझनची तयारी सुरू झाली, की खरेदीच्या मेलबॉक्समध्ये रंगवाले, एसीवाले, पेस्ट कंट्रोलवाले, लाँड्रीवाले सगळे एकदम येतात. ‘आम्ही गोव्यातील अग्रगण्य लाँड्री असून दर्जेदार सेवा, वेळेवर डिलिव्हरी आणि वाजवी दर ही आमची वैशिष्ट्ये आहेत’ हे वाक्य तिथे इतक्यांदा वाचलेलं असतं, की डोळा त्यावर थांबतच नाही. वाचणारा वैतागलेला असतो असंही नाही. त्या मेलमध्ये त्याने उत्तर द्यावं असं काही विचारलेलंच नसतं. दरपत्रक आलं, बघितलं, ठेवून दिलं, झालं.

तुमचा सध्याचा मेल एकदा असा तपासा. त्यातलं हॉटेलचं नाव काढा आणि शेजारच्या हॉटेलचं घाला. मेल तरीही जसाच्या तसा चालत असेल, तर तो साच्यातला आहे. वर ‘प्रिय अमुक मॅडम’ घातल्याने तो त्यांच्यासाठी लिहिलेला होत नाही, कारण नाव मेल-मर्जने बसवता येतं हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या दोन ओळींत असं काहीतरी यायला हवं, जे फक्त त्या हॉटेललाच लागू पडेल आणि ज्याचा संबंध थेट तुमच्या कामाशी असेल. ‘तुमचं हॉटेल फार सुंदर आहे, सूर्यास्ताचे फोटो आवडले’ हे त्या हॉटेललाच लागू पडतं, पण लाँड्रीशी त्याचा काय संबंध? वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

म्हणून आधी यादी छोटी करा. सगळा पट्टा सोडून द्या आणि दहा हॉटेलं निवडा. मोठ्या साखळी हॉटेलांचे पुरवठादार बहुधा वरच्या कार्यालयातून ठरतात. तिथल्या हाउसकीपिंगला तुमचं काम आवडलं तरी लगेच हो म्हणता येत नाही. तुमच्यासाठी साधारण 15 ते 40 खोल्यांची हॉटेलं योग्य, जिथे मालक किंवा मॅनेजर स्वतः निर्णय घेतो. त्यांतही ज्यांची स्वतःची मोठी लाँड्री आहे ती आत्ता बाजूला ठेवा. हे ओळखायचं कसं? नोकरीच्या जाहिराती बघा. हॉटेल ‘लाँड्री अटेंडंट’ शोधत असेल, तर धुणं आतच होतं. सकाळी मागच्या दाराशी दुसऱ्या कुणाची गाडी गाठोडी उचलत असेल, तर ते बाहेर जातं.

आता एका हॉटेलचं काम शेवटपर्यंत करून बघू. समजा, मांद्रेत 22 खोल्यांचं, पूल असलेलं, घरच्याच माणसांनी चालवलेलं हॉटेल आहे. गूगल मॅपवर आणि बुकिंगच्या साइटवर पाहुण्यांनी टाकलेले फोटो उघडा. हॉटेलने टाकलेले फोटो नकोत, ते कॅमेरावाल्याने नवेकोरे टॉवेल मांडून काढलेले असतात. पाहुण्यांच्या फोटोंत पूलजवळच्या खुर्च्यांवर पडलेले टॉवेल बघा. समुद्रकाठच्या हॉटेलांत तिथे बऱ्याचदा एक गोष्ट सापडते: पांढऱ्या टॉवेलवर फिकट नारिंगी, गंजासारखे पट्टे.

हे डाग तुम्हालाही दिसत असतील, पण त्यांचं कारण हाउसकीपिंगमधल्या पुष्कळ लोकांना माहीत नसतं. तुमचा मेल इथेच वेगळा होऊ शकतो. बऱ्याच सनस्क्रीनमध्ये अव्होबेंझोन नावाचं द्रव्य असतं. ते अंगावरून टॉवेलला लागतं तेव्हा काहीच दिसत नाही. धुताना पाण्यात लोह असेल, तर दोन्ही मिळून नारिंगी-तपकिरी रंग तयार होतो. आपल्याकडे जमीन जांभ्याची आणि अनेक विहिरी-बोअरच्या पाण्यात लोह, त्यामुळे हे सहज घडतं. मग धुणारा डाग बघून क्लोरीनचं ब्लीच घालतो आणि डाग आणखी पक्का होतो. मालकाला वाटतं टॉवेल जुने झाले, आणि नवे टॉवेल घेतले जातात. एका सीझनमध्ये त्यांचीही तीच गत.

मातीच्या डागाशी याची गल्लत होऊ शकते. फरक ओळखणं अवघड नाही: लाल माती धुण्याआधीच दिसते, सनस्क्रीनचा डाग धुतल्यावर वर येतो. टॉवेलभर एकसारखी पिवळट छटा असेल, तर दोष नुसत्या पाण्याचा असू शकतो. टाकीच्या किंवा पाइपच्या गंजाचे डाग बहुधा लहान, गडद ठिपक्यांसारखे असतात. फोटोवरून शंभर टक्के सांगता येत नाही, त्यामुळे मेलमध्ये ‘तसं असेल तर’ असंच म्हणायचं.

हे लिहिण्याआधी दोन कामं स्वतःच्या लाँड्रीत करून घ्या. तुमच्या पाण्यातलं लोह तपासा. तुमच्याच बोअरला लोह असेल आणि फिल्टर नसेल, तर तुम्हीही तेच डाग बनवून परत द्याल. आणि घरच्या एका टॉवेलला सनस्क्रीन लावून, डाग पाडून, ऑक्झॅलिक आम्ल असलेल्या गंजकाढू रसायनाने तो जातो का ते बघा. मात्रा रसायनाच्या डब्यावर लिहिल्याप्रमाणेच घ्या, हातमोजे घाला आणि शेवटी भरपूर पाण्याने खळबळून काढा. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, ते कपड्यात राहता कामा नये. ब्लीचबरोबर तर ते कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो. जे स्वतः करून बघितलं नाही ते मेलमध्ये लिहू नका. पाच टॉवेल हातात आले की खरं-खोटं दोन दिवसांत उघडं पडतं.

आता मेल. हॉटेलांशी पत्रव्यवहार बहुधा इंग्रजीत होतो, तुमचाही तसाच जाईल. तरी मजकूर आधी मराठीत लिहा. इंग्रजीत लिहायला बसलं, की हात आपोआप त्याच ठरावीक वाक्यांकडे वळतो. मराठीत आपण जे म्हणायचं तेच म्हणतो. मग ते साध्या इंग्रजीत उतरवा. पेडणे-डिचोलीकडचे बरेच मालक मराठीत बोलतात, पण मेल मॅनेजरकडे जाणार असतो आणि तो कुठलाही असू शकतो, हे लक्षात असू द्या.

> विषय: पूल टॉवेलवरचे नारिंगी डाग
>
> नमस्कार मॅडम,
>
> तुमच्या पूलजवळचे पाहुण्यांनी टाकलेले फोटो पाहिले. दोन-तीन फोटोंत पांढऱ्या टॉवेलवर फिकट नारिंगी पट्टे दिसतात. किनाऱ्यावरच्या बऱ्याच हॉटेलांत हे होतं. सनस्क्रीनमधलं एक द्रव्य आणि पाण्यातलं लोह एकत्र आलं की असा रंग धरतो, आणि ब्लीच घातलं की तो पक्का होतो. तुमच्याकडे तसंच असेल, तर या टॉवेलांना ब्लीच लावणं थांबवून बघा. निदान नवे डाग पक्के होणार नाहीत.
>
> आमची डिचोलीला हॉटेल लिननची लाँड्री आहे. हे डाग आम्ही ब्लीच न वापरता काढतो. फार जुने डाग पूर्ण जातीलच असं नाही.
>
> सगळ्यांत खराब असे पाच टॉवेल बाजूला ठेवाल का? गुरुवारी आमची गाडी मोरजीला येते, ती घेऊन जाईल आणि सोमवारी परत देईल. याचे पैसे नाहीत. सध्याची व्यवस्था ठीक असेल, तर तसं एका ओळीत कळवलंत तरी चालेल.

खाली तुमचं नाव, लाँड्रीचं नाव, गाव आणि मोबाईल नंबर. लोगो नको, पाच रंगांची सही नको, दरपत्रक नको.

या मेलमध्ये सगळ्यात नाजूक जागा पहिल्या परिच्छेदात आहे. तुम्ही परक्या माणसाला त्याच्या हॉटेलातला दोष दाखवताय. पाहुण्याने रिव्ह्यूत लिहिलेलं वाक्य उचलून ‘तुमच्या टॉवेलबद्दल तक्रारी आहेत’ असं लिहिलं, तर ते खरं असूनही मेल तिथेच संपतो. मेल ज्यांच्या हातात पडतो त्या हाउसकीपिंगच्या प्रमुख असतील, तर ती तक्रार त्यांच्याच कामाची आहे. असा मेल त्या मालकाकडे कशाला पुढे पाठवतील? पाठवला तर प्रश्न त्यांनाच विचारले जाणार. म्हणून दोष माणसांवरून उचलून पाण्यावर आणि सनस्क्रीनवर ठेवायचा. ‘बऱ्याच हॉटेलांत हे होतं’ हे वाक्य त्यासाठीच आहे, आणि ते खरंही आहे. आता त्याच बाई मालकाला सांगू शकतात, की डाग का पडतात ते कळलं, एक लाँड्रीवाले बघतो म्हणतात. मेल लिहून झाला की स्वतःला विचारा: हा मेल वाचणाऱ्याने आपल्या साहेबांना पाठवला, तर त्याची मान खाली जाईल का? जाणार असेल तर तो परिच्छेद पुन्हा लिहा.

दुसरी गोष्ट, ब्लीच थांबवा ही सूचना फुकट दिलेली आहे. तुम्हाला काम न देताही त्यांना तिचा उपयोग होतो. अशी माहिती राखून ठेवून ‘कारण जाणून घ्यायला फोन करा’ असं लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. तो मेल वाचणाऱ्याला अडकवल्यासारखा वाटतो. कारण सांगून टाकलं तरी काम तुमचंच राहतं, कारण 22 खोल्यांच्या हॉटेलात आम्लाची धुलाई करत बसायला ना जागा असते ना माणूस.

‘फार जुने डाग पूर्ण जातीलच असं नाही’ हे वाक्य बऱ्याच जणांना खोडावंसं वाटतं. खोडू नका. सगळं जमेल असं सांगणारे मेल रोज येतात. काय जमणार नाही ते आधीच सांगणारा माणूस काम करून बसलेला आहे, हे खरेदीतल्या माणसाला चटकन समजतं.

शेवटची मागणी जितकी छोटी तितकं उत्तर सोपं. ‘आपल्या सोयीने मीटिंग ठेवूया’ म्हटलं, की समोरच्याला कॅलेंडर उघडावं लागतं, तुमच्यासाठी अर्धा तास काढावा लागतो आणि समोरासमोर नाही म्हणायची वेळ येऊ शकते. पाच टॉवेलांना ‘ठीक आहे, गुरुवारी या’ एवढं पुरतं, आणि ते फोनवरून चालता-चालता लिहिता येतं. गाडी त्या बाजूला तशीही जाते हे सांगितल्याने तुम्ही त्यांच्यावर उपकार करताय किंवा फार आटापिटा करताय, असं दोन्ही वाटत नाही. अर्थात गाडी खरोखरच जात असली पाहिजे. ‘नाही’ म्हणायची वाट उघडी ठेवलेलं शेवटचं वाक्य मेलमधला सगळा दाब काढून टाकतं. माझा अनुभव असा, की त्या वाक्यामुळे येणारी उत्तरं नुसती नकाराची नसतात. ‘सध्या दुसरीकडे देतो, ऑक्टोबरनंतर बघू’ अशीही असतात, आणि ती फार कामाची असतात.

विषयाच्या ओळीत तुमचं किंवा लाँड्रीचं नाव घालायची गरज नाही. फोनच्या पडद्यावर विषयाचे सुरुवातीचे चार-पाच शब्दच नीट दिसतात. ते त्यांच्या कामातले असावेत, जसे हाउसकीपिंगमधल्याच कुणी एकमेकांना लिहिले असते. ‘विशेष ऑफर’, ‘सहकार्याची संधी’, उद्गारचिन्ह, सगळं मोठ्या अक्षरांत, यातलं काही नको. आधी बोलणं झाल्याचा भास व्हावा म्हणून विषयापुढे `Re:` लावायची एक युक्ती फिरते. ती एकदा पकडली गेली की तुमच्या पुढच्या मेलवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

मेल कुणाला पाठवायचा हेही यातच आलं. `info@` आणि `reservations@` हे पत्ते बुकिंगवाले बघतात. त्यांना तुमचा मेल पुढे कुणाकडे द्यायचा ते कळत नाही, मग तो तिथेच पडून राहतो. दुपारी रिसेप्शनला फोन करा, लाँड्रीवाले आहोत हे सरळ सांगा आणि एवढंच विचारा: ‘लिननचं काम कोण बघतं, आणि त्यांना मेल कुठे पाठवू?’ लहान हॉटेलांत बहुतेक वेळा सांगतात. मॅनेजर बाई आहेत की बुवा तेही तिथेच कळतं, म्हणजे ‘सर/मॅडम’ असं दोन्ही लिहायची पाळी येत नाही. फोनवर विकायला मात्र लागू नका. पत्ता घ्या, आभार माना, ठेवा.

वेळेबद्दल दोन शब्द. सकाळ चेक-आउटची आणि दुपारची सुरुवात खोल्या तयार करण्याची, त्या वेळी हाउसकीपिंगमधला माणूस मेल बघत नाही. तीन-साडेतीननंतर त्याला जरा श्वास मिळतो. वर्षाचा विचार केला, तर सीझन ऑक्टोबरपासून धरतो. त्यामुळे लिननचे निर्णय ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होतात, जेव्हा रंगकाम चालू असतं आणि जुने टॉवेल मोजले जातात. त्यात चवथीचा आठवडा सोडून द्या. निम्मे लोक गावी असतात, आणि परत येईपर्यंत तुमचा मेल खाली गेलेला असतो. दुसरी चांगली वेळ जानेवारीच्या मध्याला. नाताळ-नववर्षाच्या गर्दीत ज्यांच्या लाँड्रीने दगा दिला, त्यांना तो त्रास तेव्हा ताजा आठवत असतो. 20 डिसेंबर ते 5 जानेवारी मात्र कुणालाही लिहू नका.

तांत्रिक बाजू थोडक्यात, कारण चांगला मेल स्पॅममध्ये गेला तर सगळं वाया. एकच मेल सगळ्यांना `BCC` करून पाठवला असेल, तर तो तसाही साच्यातला दिसतो आणि मेल कंपन्यांनाही संशयास्पद वाटतो. रोज दोन-तीन मेल, प्रत्येक वेगळा, हाताने लिहिलेला, एवढाच वेग ठेवा. स्वतःच्या डोमेनवरून पाठवत असाल, तर त्या डोमेनला `SPF` आणि `DKIM` लावलेलं हवं. मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आला, हे समोरच्या मेल कंपनीला या दोन्हींवरून पटतं. गूगल वर्कस्पेस वापरत असाल आणि मेल दुसऱ्या कुठल्या सेवेतून जात नसतील, तर डोमेनच्या डीएनएसमध्ये `SPF`ची टीएक्सटी नोंद अशी असते:

```
v=spf1 include:_spf.google.com ~all
```

लागली की नाही ते बघायला स्वतःच्याच दुसऱ्या जीमेलवर एक मेल पाठवा, तो कॉम्प्युटरवर उघडून तीन ठिपक्यांच्या यादीतलं `Show original` दाबा. तिथे दोन्हींपुढे `PASS` दिसलं पाहिजे. पहिल्या मेलमध्ये जोडपत्र नको आणि शक्यतो लिंकही नको. अनोळखी माणसाची पीडीएफ शहाणा माणूस उघडत नाही. शिवाय दर बघितले की तो लगेच सध्याच्या लाँड्रीशी पैशा-पैशाची तुलना करतो, आणि डाग जातात की नाही हा प्रश्न मागे पडतो.

आता तुम्हाला वाटणारी भीती: पुन्हा लिहावं का? लिहावं, पण एकदाच, आणि साधारण सहा-सात दिवसांनी. ‘आधीच्या मेलची आठवण करून देत आहे’ असा मेल चिकट वाटतो, कारण त्यात नवं काहीच नसतं. जणू उत्तर देणं हे त्यांचं कर्तव्य होतं आणि ते राहून गेलं. दुसऱ्या मेलमध्ये दुसरी कामाची गोष्ट द्या. जुन्याच मेलला उत्तर म्हणून पाठवा, म्हणजे आधीचं खाली दिसतं. उदाहरणार्थ:

> मॅडम, टॉवेलांबद्दल आधी लिहिलं होतं. सीझनसाठी नवे घेणार असाल, तर एक हिशेब उपयोगी पडेल. 22 खोल्यांना प्रत्येकी दोन धरले तर पूल टॉवेलचा एक सेट 44 चा. लाँड्री दुसऱ्या दिवशी परत देत असेल, तर तीन सेट पुरतात: एक वापरात, एक धुलाईत, एक कपाटात. दोन दिवस लागत असतील, तर चौथा सेट घ्यावा लागतो, म्हणजे आणखी 44 टॉवेल. आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत देतो. तुमच्याकडे सध्या किती सेट आहेत?

यात पुन्हा एका आकड्याचं उत्तर मागितलेलं आहे. आणि खरेदीतल्या माणसाला हे पटकन लागतं, कारण धुलाईचा दर रुपया-दोन रुपयांनी कमी-जास्त होतो, पण लाँड्रीला लागणारा जास्तीचा एक दिवस 44 टॉवेलांच्या बिलातून दिसतो. दुसऱ्या दिवशी परत देणं तुम्हाला पावसाळ्यात ड्रायरवरही जमणार नसेल, तर हे लिहू नका. तिथे दोन दिवस असं सांगा आणि हिशेब तसा मांडा.

यालाही उत्तर नाही आलं तर थांबा. तिसरा मेल नको, फोन नको, व्हॉट्सॲपवर ‘मेल पाहिला का’ नको. ते हॉटेल वहीत जानेवारीच्या पानावर लिहून ठेवा आणि तेव्हा नवा विषय, नवं निरीक्षण घेऊन नव्याने लिहा. प्रत्येक हॉटेलात नारिंगी डागच सापडतील असं नाही. कुठे पावसाळ्यातल्या रिव्ह्यूत चादरींच्या कुबट वासाचा उल्लेख असतो, कुठे पांढऱ्या चादरी करड्या दिसतात. जे दिसेल त्याचं कारण तुम्हाला नेमकं सांगता येत असेल तरच त्यावर लिहा. काहीच दिसलं नाही तर त्या हॉटेलला आत्ता लिहू नका.

‘दर पाठवा’ असं उत्तर आलं तर फार खूश होऊ नका. पुष्कळदा ती सभ्यपणे विषय संपवायची रीत असते. त्याच दिवशी दोन प्रश्न विचारा: सध्या हिशेब नगावर आहे की किलोवर, आणि सीझनमध्ये रोजचं धुणं साधारण किती? ज्याला खरोखर बदलायचं आहे तो हे सांगतो, मग लगेच त्या आकड्यांवर दर द्या. दर सांगायला टाळाटाळ करू नका, ती मागे लागण्याइतकीच वाईट दिसते. प्रश्नांना उत्तरच आलं नाही, तर सुटसुटीत ढोबळ दर एका ओळीत कळवा आणि सोडून द्या. ‘सध्या दुसरीकडे देतो’ म्हणाले, तर त्या लाँड्रीबद्दल एक शब्दही वाईट बोलू नका. नाताळात माल जास्त झाला आणि त्यांना झेपला नाही, तर तेवढ्यापुरतं आम्ही घेऊ, असं कळवा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आलेला जास्तीचा माल हाच पुष्कळ लहान लाँड्र्यांचा हॉटेलांत शिरण्याचा रस्ता असतो.

आणि ‘गुरुवारी या’ असं आलं, तर पाच टॉवेल ताब्यात घेतानाच मोबाईलवर प्रत्येकाचा फोटो काढा, हॉटेलच्या माणसासमोर. सोमवारी परत देताना दोन गठ्ठे करा: डाग गेलेले वेगळे, न गेलेले वेगळे, आणि न गेलेल्यावर का गेला नाही याची चिठ्ठी लावा. त्या संध्याकाळी आधीचे-नंतरचे फोटो लावून चार ओळींचा मेल टाका. काम कसं वाटलं असं त्यात विचारू नका, ते टॉवेल बघून त्यांना कळलेलंच असतं. सीझनच्या पहिल्या दोन आठवड्यांचे फक्त पूल टॉवेल तुमच्याकडे देता येतील का, एवढंच विचारा, आणि त्या 44 च्या सेटचा नगाचा दर त्याच मेलमध्ये लिहा.